चार जणांचा मसालेभात छत्तीस जणांसाठी करताना

गणपतीला दोन आठवडे असताना मेलबर्नहून भाचीचा निरोप आला. तिने कुठूनतरी उचललेली मसालेभाताची कृती जशीच्या तशी चिकटवली होती. ती एका अमेरिकी घरातली होती, माप सगळं कपात आणि चमच्यात, वर लिहिलेलं ‘४ जणांसाठी’. आणि खाली तिचा स्वतःचा एकच शब्द: ‘स्केल’.

मी अनेक वर्षं आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रसादाच्या जेवणाचा भात सांभाळलाय, त्यामुळे तिला काय हवंय ते कळलं. तिला माप वाढवून हवं होतं. पण त्या एका शब्दात किती जण येणार ते नव्हतं. भात कोणत्या भांड्यात करणार, बरोबर आणखी काय वाढणार, तिच्याकडचा चमचा कोणता, हेही नव्हतं. हे कळल्याशिवाय केलेला गुणाकार कागदावर बरोबर येतो आणि पातेल्यात चुकतो. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ते वापरता येईल.

मूळ कृती अशी होती:

तांदूळ १½ कप, पाणी ३ कप, चिरलेली तोंडली १½ कप, तेल ३ टेबलस्पून, मोहरी १ टीस्पून, हिंग पाव टीस्पून, हळद अर्धा टीस्पून, लवंगा ४, दालचिनी १ इंच, तमालपत्रं २, हिरव्या मिरच्या ३, गोडा मसाला १½ टेबलस्पून, मीठ १½ टीस्पून, गूळ १ टीस्पून, काजू १२. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि तूप.

आधी माणसं मोजा, मग पट काढा

मी तिला विचारलं, “किती जण येणार?”

“छत्तीस, मावशी. म्हणजे नऊ पट ना?”

नऊ पट नाही. छत्तीसमध्ये बारा लहान मुलं होती. दहा वर्षांखालचं मूल अर्धं पान धरायचं, हा आमचा पंगतीचा हिशोब. म्हणजे चोवीस मोठे आणि मुलांचे सहा, अशी तीस पानं झाली.

मग ‘४ जणांसाठी’ याचा अर्थ तपासायचा. कृती लिहिणारा चार जण म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणतं जेवण असतं ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून जणांवर विश्वास ठेवू नका, मुख्य जिन्नसाचं वजन बघा. दीड कप तांदूळ म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम. चौघांत वाटले तर माणशी ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ. रात्रीच्या जेवणाला नुसता मसालेभात आणि ताक असेल तर हे माप बरोबर आहे. पण भाचीच्या पानात पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि उकडीचे मोदक होते. अशा भरल्या पानात माणशी ५० ग्रॅम तांदूळ पुरतो. मोदक असतील तर नक्कीच पुरतो.

तीस पानं गुणिले ५० ग्रॅम, म्हणजे दीड किलो तांदूळ. मूळ कृतीत ३०० ग्रॅम. दीड किलो भागिले ३०० ग्रॅम, म्हणजे पाच. तिची पट नऊ नव्हती, पाच होती. नऊ पट केली असती तर दोन किलो सातशे ग्रॅम तांदूळ शिजला असता आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजारी भात वाटत फिरावं लागलं असतं.

एवढी एकच पायरी नीट केली तरी निम्मं काम होतं. बाकीच्या चुका निस्तरता येतात, पण चुकीची पट घेऊन बाजारहाट झाली की काही करता येत नाही.

कप आणि चमचे उतरवून वजनावर या

दुसरी पायरी म्हणजे सगळं एकाच मापात आणणं. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात मिळणारा मापाचा कप २५० चा. आपल्या घरातली आमटीची वाटी तर कुठल्याच मापाची नसते. माझ्याकडच्या दोन वाट्या दिसायला जुळ्या आहेत, पण एकीत १५० मिलिलिटर पाणी मावतं आणि दुसरीत १८०.

कपातला हा फरक भाताला फारसा बाधत नाही, कारण तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच कपाने मोजले जातात. खरा घोळ चमच्यात आहे. अमेरिकेत आणि बहुतेक ठिकाणी टेबलस्पून १५ मिलिलिटरचा धरतात, ऑस्ट्रेलियात मात्र तो २० मिलिलिटरचा असतो. टीस्पून दोन्हीकडे ५ चाच. भाचीने अमेरिकी कृती वाचून तिच्या टेबलस्पूनने गोडा मसाला घातला असता तर तो तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडला असता. चार जणांच्या भातात तो फरक अर्ध्या टेबलस्पूनचा, म्हणजे जरा झणका लागला असता इतकंच. पाच पटीत तो जवळजवळ अडीच टेबलस्पूनचा होतो. प्रमाण तेच राहतं, पण चूक सगळ्या पंगतीच्या पानात जाते.

म्हणून आधी टेबलस्पूनचे टीस्पून करायचे (एकाचे तीन), आणि मग शक्य तिथे वजन करायचं. मी तिला सांगितलं, एकदा चार जणांचा भात करून बघ आणि घालायच्या आधी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेव. तिचे आकडे असे आले: तांदूळ ३०० ग्रॅम, तोंडली १५०, तेल ४५ मिलिलिटर, गोडा मसाला १० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, पाणी ७२० मिलिलिटर. तुमचे थोडे वेगळे येतील. मसाला किती बारीक दळलाय, तोंडली किती जाड चिरलीत, त्यावर ते ठरतं. आपल्याच घरचे आकडे धरायचे.

मिठाचं वजन तर कराच. बारीक मिठाचा सपाट टीस्पून साधारण ६ ग्रॅम भरतो, पण खड्याच्या किंवा पापुद्र्यांच्या मिठाचा त्याहून बराच हलका असतो. चमचा तोच, खारटपणा वेगळा.

चाचणीच्या भातात पातेलंही तोला

मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे, आणि कृती लिहिणारे ती कधीच सांगत नाहीत.

भातात घातलेल्या पाण्याचे दोन भाग होतात. एक भाग तांदूळ पितो. दुसरा वाफ होऊन निघून जातो. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या वजनाबरोबर वाढतं: दुप्पट तांदूळ, दुप्पट पाणी. वाफेचं पाणी मात्र तांदूळ किती आहे हे बघतच नाही. ते बघतं पातेल्याचं तोंड किती रुंद आहे, झाकण किती घट्ट आहे आणि गॅस किती वेळ चालू आहे. तांदूळ पाच पट झाला म्हणून पातेल्याचं तोंड पाच पट होत नाही. म्हणून पाणी सरळ पाच पट घातलं की ते जास्त होतं आणि भात गिचका होतो. मोठ्या भाताला ‘पाणी जरा कमीच घाल’ असं आजी सांगायची, त्याचं कारण हेच.

किती कमी, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. काट्यावर मोजता येतं. भाचीने असं केलं:

रिकामं पातेलं तोललं, ११०० ग्रॅम. फोडणी, भाजी, तांदूळ परतून झाल्यावर उकळतं पाणी, मीठ, मसाला घातला आणि झाकण ठेवायच्या आधी पुन्हा तोललं, २३४० ग्रॅम. म्हणजे आत १२४० ग्रॅम ऐवज होता. भात शिजून वाफ मुरल्यावर तिसऱ्यांदा तोललं, २१९० ग्रॅम. म्हणजे १५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं आणि तयार भात १०९० ग्रॅम झाला. काट्यावर थेट गरम पातेलं ठेवू नका. आधी लाकडी पोळपाट ठेवून काटा शून्यावर आणा आणि त्यावर पातेलं ठेवा.

आता हिशोब सोपा आहे. ७२० मधून १५० गेले, उरले ५७०. हे तांदळाने प्यायलेलं पाणी, आणि पट फक्त याच आकड्याला लावायची. (तोंडलीतलंही थोडं पाणी यात येतं, पण तोंडली त्याच प्रमाणात वाढणार असल्यामुळे हिशोब बिघडत नाही.)

एक अट आहे. तांदूळ धुतल्यावर स्वतःबरोबर पाणी घेऊन येतो. चाचणीत तो वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवला असेल तर मोठ्या दिवशीही वीसच मिनिटं ठेवायचा. नाहीतर हा सगळा तोल वाया जातो.

भांडं ठरलं की पट पुन्हा बदलते

दीड किलोचा मसालेभात एकाच पातेल्यात होतो. आमच्या सोसायटीत तर पाच किलोचाही होतो, पण तिथे खाली मोठी शेगडी असते आणि ढवळायला दोघं उभे असतात. घरच्या गॅसवर मी एका किलोच्या वर जात नाही. पातेलं उंच भरलं की तळाचा भात वरच्या भाराने दबतो, वरचा कच्चा राहतो, आणि मध्ये झारा घातला की शितं मोडतात. शिवाय घरचा बर्नर पातेल्याच्या मधोमध आच देतो, कडा थंडच राहतात.

म्हणून दोन पातेली, प्रत्येकात ७५० ग्रॅम तांदूळ. आता प्रत्येक पातेल्यासाठी पट पाच नाही, अडीच आहे. जुन्या शाळांत मुलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, ती अडीचकी इथे कामाला येते: दोनाचे पाच, तिनाचे साडेसात, चाराचे दहा.

भांडं पुरेल का, हे आधीच बघा. ७५० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजून जवळपास तिप्पट फुगतो. भाजी धरून साडेतीन लिटरच्या आसपास जागा लागते, आणि हलवायला वर मोकळीक हवी. भाचीकडे २६ सेंटिमीटर रुंदीची, सहा लिटरची दोन पातेली होती. उत्तम.

आता वाफ. चाचणीचं पातेलं २० सेंटिमीटरचं होतं. तोंडाची जागा रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढते: २० गुणिले २० म्हणजे ४००, २६ गुणिले २६ म्हणजे ६७६. म्हणजे साधारण पावणेदोन पटीच्या जरा खाली. झाकण तितकंच घट्ट आणि वेळ तेवढाच असेल तर १५० ऐवजी सुमारे २५० ग्रॅम पाणी उडणार.

तांदळासाठी ५७० ची अडीच पट म्हणजे १४२५, अधिक वाफेचे २५०. एकूण १६७५ मिलिलिटर. सरळ अडीच पट केली असती तर १८०० झाले असते. एका पातेल्यात १२५ मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या कपाचा फरक. मोकळा भात आणि चिकट भात यांच्यातलं अंतर एवढंच असतं. हाच दीड किलो तांदूळ ३० सेंटिमीटरच्या एकाच पातेल्यात केला असता तर लागलं असतं ३२०० च्या आसपास, आणि सरळ पाच पट आलं असतं ३६००. पट जितकी मोठी, तितकी ही तफावत वाढते.

जे पटीने वाढत नाही

आता एकेक जिन्नस बघू. खालची मापं एका पातेल्याची आहेत, म्हणजे अडीच पटीची.

तांदूळ, तोंडली, गूळ आणि हळद सरळ अडीच पट. यात विचार करायचा नाही: ७५० ग्रॅम, ३७५ ग्रॅम, अडीच टीस्पून, सव्वा टीस्पून. तोंडली गोठवलेली असतील (परदेशात बऱ्याचदा तशीच मिळतात) तर आधी पूर्ण वितळवून, निथळून घ्या. नाहीतर ती फोडणीत पाणी सोडतात आणि परतली जाण्याऐवजी उकडली जातात. ताजी तोंडलीसुद्धा एकदम ढीगभर टाकली की असंच होतं, कारण भाजी वाढली तरी पातेल्याचा तळ तेवढा वाढलेला नसतो. फोडणीचा चुरचुर आवाज बंद झाला की समजावं, तळाला पाणी साठलंय. तेव्हा आच मोठी करून आवाज परत येईपर्यंत थांबावं आणि मगच तांदूळ घालावा.

तेल अडीच पटीने ११२ मिलिलिटर येतं, ते ९० पुरतं. तेलाचं निम्मं काम तळ झाकून मोहरी तडतडवायचं, आणि तळ तर पावणेदोन पटही वाढलेला नाही. उरलेलं निम्मं काम शितांना लेप द्यायचं, ते तांदळाबरोबर वाढतं. म्हणून मधला आकडा. वरून तूप पडणारच आहे.

मोहरी दोन टीस्पून, हिंग अर्धा टीस्पून. हिंग जास्त झाला तर तो सगळ्या पानाचा वास होऊन बसतो, म्हणून इथे हात आखडता.

लवंग, दालचिनी, तमालपत्र या खड्या मसाल्यांत नवखे सगळ्यात जास्त फसतात. हिशोबाने दहा लवंगा येतात, घालायच्या सात. दालचिनी अडीच इंच येते, घालायची दोन इंच. तमालपत्रं तीन. मोठं पातेलं जास्त वेळ गरम राहतं, त्यामुळे मसाला भातात जास्त वेळ उतरत राहतो. आणि लवंग जास्त झाली की ती काढून टाकायला पातेलंभर भातात कोणी शोधत बसत नाही.

मिरच्या साडेसात येतात. मी पाच सांगितल्या, आणि त्याही उभ्या चिरून, देठ ठेवून, म्हणजे मुलांच्या पानातून बाजूला काढता येतील. मिरचीला मोजणीचं माप मुळातच लागू होत नाही. आजच्या तीन आणि पुढच्या आठवड्यातल्या तीन यांचा तिखटपणा सारखा नसतो. एक तुकडा जिभेला लावून मग संख्या ठरवा.

गोडा मसाला २५ ग्रॅम येतो. आधी २० घाला, पाणी उकळल्यावर ते चमच्यात घेऊन चाखा, कमी वाटलं तर उरलेले ५ घाला. घालता येतं, काढता येत नाही.

मिठाबद्दल जरा सविस्तर सांगते. मीठ पाण्याबरोबर वाढत नाही, ते तयार अन्नाच्या वजनाबरोबर वाढतं, कारण वाफ जाताना मीठ घेऊन जात नाही. आपण पाणी कमी केलं म्हणून मीठ कमी करायचं नाही. चाचणीत १०९० ग्रॅम भाताला ९ ग्रॅम मीठ होतं आणि चव जमली होती. म्हणजे अडीच पटीला साडेबावीस ग्रॅम. त्यातलं २० घालून उकळत्या पाण्याची चव बघा. ती आपल्या रोजच्या आमटीपेक्षा थोडी खारट लागली पाहिजे. आमटीइतकीच लागली तर भात अळणी होणार, कारण हे मीठ पुढे तांदळालाही पुरायचं आहे. चव बघण्याची वेळ हीच. एकदा पाणी आटलं की वरून भुरभुरलेलं मीठ भातात नीट मिसळत नाही.

काजूचा हिशोब माणसांवरून करायचा. मूळ कृतीत माणशी तीन होते. पाच पट केले तर साठ, म्हणजे माणशी दोन, कारण आपण पानातला भातच कमी केला आहे. मुलं काजू वेचून खातात, तेव्हा मी भाचीला दोन्ही पातेल्यांत मिळून नव्वद घालायला सांगितले. खोबरं-कोथिंबीरही अशीच, वाढताना प्रत्येक पानावर दिसेल इतकी.

वेळ आणि आच

तांदूळ पाच पट झाला म्हणून वेळ पाच पट होत नाही. पण ‘तेवढाच वेळ’ असंही नाही, आणि इथे एक सापळा आहे. घरच्या गॅसवर तीन-साडेतीन लिटर गार पाणी उकळायला वीस-पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. तेवढा वेळ तांदूळ कोमट पाण्यात पडून राहिला तर तो उकळी यायच्या आधीच बाहेरून मऊ होतो, आतून कणी राहते. म्हणून पाणी वेगळं उकळायचं, तांदूळ परतून झाला की लगेच ओतायचं. भाचीकडे पावणेदोन लिटरची विजेची किटली होती. एका पातेल्याला एक किटली, आणि दोन पातेल्यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवलं. किटलीतलं पाणी अंदाजाने ओतू नका, मोजून ओता.

पाणी पडून पुन्हा उकळी आली की आच मंद करा. वर भोकं दिसू लागली, म्हणजे पाणी शितांच्या खाली गेलं, की एकदाच, कडेकडेने, हलक्या हाताने खालवर करा. मग पातेल्याखाली तवा सरकवा आणि झाकण ठेवा. लहान भात इथून दहा-बारा मिनिटांत होतो, या पातेल्याला पंधरा धरा. तवा ठेवल्याशिवाय मोठ्या भाताचा तळ धरतोच.

शीत दोन बोटांत दाबून बघा. पूर्ण पिठूळ चिरडलं तर उशीर झालाय. मध्ये बारीकशी कणी लागली आणि शीत दोन-तीन तुकड्यांत तुटलं, तर लगेच गॅस बंद करा. मोठ्या पातेल्यात इतकी ऊब असते की उरलेली कणी झाकणाखाली आपोआप शिजते. लहान भात जिथे बंद करता, त्याच्या थोडं आधी मोठा बंद करायचा, आणि पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही.

बिघडलंच तर

भात ओलसर वाटला तर ढवळू नका. झाकण काढून पातेल्यावर कोरडं सुती फडकं ताणून बांधा, वर झाकण ठेवा, दहा मिनिटं तव्यावर राहू द्या. फडकं वाफ पितं. तरीही गिचका असेल तर परातीत पसरून ठेवा, म्हणजे निदान शितं सुटी होतील.

कडक राहिला तर अर्धा कप उकळतं पाणी, तेवढंच, सगळीकडून शिंपडून झाकण लावा. गार पाणी घातलं तर शितं फुटतात.

तळ लागल्याचा वास आला तर झारा तळापर्यंत नेऊच नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळाचा दोन बोटं थर तिथेच सोडून द्या. खरवडला की जळका वास सगळ्या भाताला लागतो, आणि मग कुठलाही मसाला तो झाकू शकत नाही.

उरलेल्या भाताची काळजीही मापाबरोबर वाढते. थोडासा भात लवकर निवतो, पण पातेलंभर भात तासन्‌तास कोमट राहतो. भातात उष्णतेने न मरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात आणि अशा कोमट भातात ते वाढून पोट बिघडवू शकतात. पंगत आटोपली की पातेलं तसंच ओट्यावर ठेवू नका. भात उथळ डब्यांत काढा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा.

माप कमी करताना

हाच नियम उलट बाजूनेही चालतो आणि तिथेही माणसं फसतात. समजा दोघांसाठी निम्मा भात करायचा आहे, १५० ग्रॅम तांदूळ. पाणी निम्मं केलं, ३६०, आणि त्याच २० सेंटिमीटरच्या पातेल्यात शिजवलं, तर भात कच्चा राहतो. तांदळाला २८५ हवेत, आणि पातेलं तेच असल्यामुळे वाफ तेवढीच, १५० च्या आसपास. म्हणजे ४३५ लागतील. पातेलं १६ सेंटिमीटरचं घेतलं तर वाफ शंभरापर्यंत येते आणि ३८० मध्ये काम होतं. लहान मापाला लहान भांडं घ्या, म्हणजे बरेच प्रश्न उठतच नाहीत. तेल मात्र निम्म्याहून जरा जास्त लागतं, नाहीतर मोहरी तळावर जळते.

वहीत काय लिहायचं

गणपतीनंतर भाचीचा फोन आला. पहिल्या पातेल्यातला भात मोकळा झाला होता. दुसऱ्याचं झाकण सैल होतं, तिथे वाफ जास्त गेली आणि पाऊण कप उकळतं पाणी शिंपडावं लागलं. मीठ दोन्हींत साडेबावीसच लागलं. चाळीस-बेचाळीस डाव भात वाढून सहाशे ग्रॅम उरला.

मी तिला सांगितलं, हे सगळं आत्ताच लिही: पातेल्याची रुंदी, झाकण कसं होतं, पाणी किती घातलं आणि किती शिंपडलं, तयार वजन, उरलेलं वजन, पानात आणखी काय होतं. तिच्या वहीत आता मूळ कृतीच्या शेजारी लिहिलंय: ‘२६ सेंमी, घट्ट झाकण, ७५० ग्रॅम तांदूळ, १६७५ पाणी. सैल झाकणाला १८५०. मोदक असतील तर माणशी ४५ ग्रॅम.’